एआयने काढलेला लोगो दुसऱ्या ब्रँडसारखा दिसतोय, पाऊच छापू की थांबू?

आम्ही दोघी जावा कोथरूडमधून घरगुती गोडा मसाला आणि काळा मसाला विकतो. आता मुलाने एआयवर लोगो बनवून दिलाय: गोलात नऊवारीतली बाई, डोक्यावर पाटी, मागे सूर्याची किरणं. सगळ्यांना आवडला, पण भाचा म्हणतो की हे कोल्हापूरकडच्या एका मसाल्याच्या पाकिटासारखं दिसतंय. दोन्हीचे फोटो जोडलेत. सोमवारी छपाईचे सिलेंडर बनायला जाणार, 10,000 पाऊच. आम्ही कुणाची कॉपी केलेली नाही, तरी अडचण येऊ शकते का? आणि छापायच्या आधी नक्की कुठे तपासायचं?

ताई, सगळ्यात आधी पाऊचवाल्याला फोन करून सिलेंडर थांबवा, बाकीचं निवांत वाचा. ग्रॅव्ह्युअर प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळा सिलेंडर लागतो, तुमच्या डिझाइनला पाच-सहा तरी होतील, आणि एकदा कोरले की लोगोत जरासा बदल करायचा म्हटलं तरी ज्या ज्या रंगात तो भाग आहे ते सगळे परत करावे लागतात. कॉम्प्युटरवर हाच बदल अर्ध्या तासाचा आहे.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात पॅकेजिंगचं आर्टवर्क करतोय, वकील नाही, पण ट्रेडमार्कच्या वकिलांबरोबर रोजचं बसणं-उठणं आहे. आणि एकदा चांगला पोळलोय पण. चिवड्याचं एक गिऱ्हाईक होतं, लोगोत पोपट, तो आमच्याच डिझायनरने हाताने काढलेला, तेव्हा एआय वगैरे नव्हतंच. आम्ही फक्त नाव तपासलं, चित्र तपासलंच नाही. माल दुकानात गेल्यावर तीन आठवड्यांत दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका फरसाणवाल्याच्या वकिलाची नोटीस आली, सात दिवसांत उत्तर द्या म्हणून. त्यांचा पोपट रजिस्टर्ड होता, उजवीकडे बघणारा, चोचीत पान. आमचा डावीकडे बघणारा आणि चोचीत मिरची. आम्हाला वाटलं केवढा फरक आहे! वकिलांनी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली, पाच सेकंदात उचलली आणि विचारलं, आता सांगा कोणता कुठला. शेवटी धायरीच्या गोडाऊनमध्ये बसून उरलेल्या पाकिटांवर हाताने स्टिकर चिकटवले, त्यातले अर्धे वाकडे, आणि दुकानातून परत आलेला माल वेगळाच.

आता "कॉपी केलेली नाही" याबद्दल. हे सगळेच म्हणतात आणि बहुतेक वेळा खरंच असतं, पण ट्रेडमार्कमध्ये त्याने फारसा फरक पडत नाही. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट 1999 च्या कलम 29 मध्ये मूळ प्रश्न एवढाच आहे की तुमचं चिन्ह बघून गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल का. ते चिन्ह मुलाने काढलं, मशीनने काढलं की स्वप्नात दिसलं, हा मुद्दा नंतरचा. त्यांचा मार्क रजिस्टर्ड आहे हे माहीत नव्हतं, माहीत असायला काही कारणही नव्हतं आणि कळल्यावर लगेच थांबलो हे पटवून देता आलं तर नुकसानभरपाईतून सुटका होऊ शकते, तेवढा उपयोग आहे. पण वापर थांबवायला लागतोच. आणि आता तर भाच्याने तुम्हाला सांगून झालंय, तुम्ही इथे फोटो टाकलेत, म्हणजे "माहीत नव्हतं" हे पण आता म्हणता येणार नाही.

बरं, तुमचा पाऊचवाला पण यात येतो. त्याच कलमात सातवं पोटकलम आहे: दुसऱ्याचा रजिस्टर्ड मार्क लेबलवर किंवा पॅकिंगवर परवानगीशिवाय लावला जातोय हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून छापणारा सुद्धा जबाबदार. म्हणून हल्ली चांगले प्रिंटर तुमच्याकडून लिहून घेतात की लोगो आमचा आहे, काही झालं तर आम्ही बघू. तुमच्याकडूनही सही घेतली असेल, कागद परत काढून वाचा.

एआयचा लोगो असा दुसऱ्यासारखा का येतो? त्या टूलने लाखो चित्रं पाहून शिकलेलं असतं, आणि तुम्ही "मराठी बाई, मसाला, पारंपरिक, गोल लोगो" असं लिहिलं की त्या शब्दांना जे सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय त्याच्या आसपासचं काढून देतं. म्हणजे मसाल्याच्या पाकिटावर जे आधीपासून आहे, नेमकं तेच. आणि तुमच्यासारखंच वाक्य साताऱ्यात कुणी टाकलं तर त्यालाही तुमच्या बाईची सख्खी बहीणच मिळणार, आणि त्याने आधी अर्ज केला तर काय घ्या. टूलच्या अटींमध्ये बहुधा हेही लिहिलेलं असतं की निघालेलं चित्र वापरण्याआधी दुसऱ्या कुणाचे हक्क आड येतात का ते तुम्हीच बघायचं.

तुमचा फोटो मोठा करून बघितला. गोलाच्या खाली जी पट्टी आहे ना, तिच्यावर अक्षरांसारखं काहीतरी गिचमिड आहे, आणि बाईच्या उजव्या खांद्याच्या वर एक बारीकसं वर्तुळ, आत रेघ. ते रजिस्टर्डच्या ® चिन्हाचं भूत आहे बहुतेक. असं दिसलं की मी सावध होतो, कारण मशीनने निव्वळ बाई काढलेली नाहीये, खऱ्या लेबलांची आठवण त्यात उतरलीये. एका विशिष्ट लेबलची कॉपी आहे असं यावरून म्हणता येत नाही, पण तपासायचंच हे नक्की. आणि छापताना तर ते चिन्ह राहताच कामा नये, रजिस्ट्रेशन नसताना ® लावणं हा वेगळाच गुन्हा होऊन बसतो.

आता तुलना कशी करायची, कारण इथेच सगळे चुकतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून फरक मोजत बसतात, हिची पाटी, तिची घागर, हिला नथ, तिला नाही. कोर्ट असं बघत नाही. यावरचा सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल तुमच्या केसला इतका लागू पडतो की सांगतोच. पार्ले विरुद्ध म्हैसूरची जे. पी. अँड कंपनी, 1972. पार्लेच्या ग्लुको बिस्किटाच्या वेष्टनावर शेतघर, मध्ये बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या. समोरच्याच्या वेष्टनावरही मुलगी, गाई, कोंबड्या, फक्त तिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. खालच्या दोन्ही कोर्टांनी फरक मोजले आणि पार्लेचा दावा फेटाळला. सुप्रीम कोर्टाने उलटवलं. म्हणाले शेजारी ठेवून फरक शोधायचे नाहीत, ठळक गोष्टी बघायच्या आणि एक पाकीट नेहमी घेणाऱ्याला दुसरं दिलं तर तो सहज घेईल का हे बघायचं. गिऱ्हाइकाची आठवण अर्धवट असते हे धरूनच चालायचं.

म्हणून घरी करायची चाचणी अशी. कोल्हापूरवाल्यांचं पाकीट अशा माणसाला दाखवा ज्याने तुमचा लोगो पाहिलेलाच नाही, समोरच्या काकू, वॉचमन, कुणीही, पाच सेकंद दाखवा आणि काढून घ्या. दुसऱ्या दिवशी तुमचा लोगो, नाव झाकून, साधारण एक इंच आकारात आणि काळा-पांढरा छापलेला, हातात द्या आणि एवढंच विचारा, काल दाखवलं ते हेच का? दहातले तीन-चार जरी "हो, हेच" म्हणाले तरी माझ्या लेखी लोगो बाद. कायद्यात असा काही आकडा नाही, हा माझा अंगठा-नियम आहे. काळा-पांढरा अशासाठी की रंग बदलून सुटका होत नाही: रंगाचं बंधन न घालता रजिस्टर झालेला मार्क कायद्याने सगळ्या रंगांसाठी धरला जातो. त्यांचं हिरवं, आमचं मरून, हे कृपया वकिलाला सांगू नका, तो फक्त हसेल.

शोधायचं कुठे, तर सरकारी रजिस्टरपासून सुरू करा. tmrsearch.ipindia.gov.in वर ओटीपी टाकून आत जायचं, फुकट आहे. तिथे तीन प्रकार दिसतात: Wordmark, Phonetic आणि Vienna Code. नावासाठी पहिले दोन. तुम्ही नाव लिहिलं नाहीये, ते बरंच केलंत, पण समजा नावात "मावळ" असेल तर Maval, Mawal, Maaval सगळी स्पेलिंगं टाकून बघा, आणि पूर्ण नावाबरोबर नुसता मुख्य शब्द पण. क्लास, म्हणजे मालाचा गट, मागतो तिथे मसाल्याला 30, पण 30 वर थांबू नका. लोणचं 29 मध्ये येतं, दुकान 35 मध्ये, खाणावळ 43 मध्ये, आणि मसाला विकणारे बरेचदा लोणचीही विकतात, त्यामुळे शेजारच्या क्लासमधला मार्कही आडवा येऊ शकतो.

चित्रासाठी तिसरा प्रकार. जगभरच्या लोगोंमधल्या चित्रांना आकडे दिलेले आहेत, त्याला व्हिएन्ना वर्गीकरण म्हणतात. पहिला आकडा मोठ्या गटाचा, दुसरा त्यातल्या भागाचा, तिसरा नेमक्या गोष्टीचा, प्रत्येकी दोन-दोन अंकी लिहायचे. तुमच्या लोगोत बाई आहे तर 2.3, म्हणजे 02 03 ने सुरू होणारे कोड, आणि सूर्य आहे तर 1.3. तिसरा आकडा वायपो या बौद्धिक संपदेच्या जागतिक संघटनेच्या साइटवरच्या यादीतून घ्या, बाईचा नुसता चेहरा, पूर्ण उभी बाई, पारंपरिक वेशातली असे वेगवेगळे आहेत. एकच कोड टाकून समाधान मानू नका, तपासनिसाने त्या बाईला कोणत्या खणात टाकलंय ते आपल्याला काय माहीत, म्हणून जवळचे तीन-चार कोड टाका. क्लास 30 आणि बाई म्हटल्यावर निकालांचा ढीग येणार, चहा, पापड, पीठ, सगळीकडे बायकाच. चहाचा कप घ्या आणि सगळी पानं बघा, संध्याकाळ जाईल पण दुसरा मार्ग नाही. जे जवळचं वाटेल त्याचा अर्ज क्रमांक आणि स्टेटस वहीत लिहा. Registered म्हणजे उघड धोका. Objected म्हणजे ऑफिसने शंका काढलीये, Opposed म्हणजे तिसऱ्याच कुणी विरोध केलाय, हे दोन्ही अजून जिवंत आहेत. Abandoned किंवा Refused दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका, अर्ज मेला तरी दुकान चालूच असू शकतं.

यात एक भोक आहे जे बऱ्याच डिझायनरना पण माहीत नसतं. नवीन अर्ज आला की त्याला चित्राचा कोड लगेच मिळत नाही, काही काळ तो Send To Vienna Codification या स्टेटसवर पडून असतो, आणि तोपर्यंत तो कोडने शोधला तर सापडत नाही. म्हणजे गेल्या महिन्यात कुणी अशीच बाई दाखल केली असेल तर तुमच्या शोधात ती येणार नाही. त्यावर पक्का उपाय नाही. स्वतःचा अर्ज लवकर टाकायचा आणि छपाईच्या आदल्या आठवड्यात शोध परत एकदा करायचा, एवढंच हातात आहे.

त्यानंतर चित्रानेच चित्र शोधायचं. गूगल लेन्सवर सगळे पूर्ण लोगो टाकतात आणि मग नावाचीच अक्षरं जुळणारे निकाल येतात. त्यापेक्षा नाव, पट्टी, गोल सगळं काढून नुसती बाई कापून टाका. मग तीच काळ्या सावलीसारखी करून टाका, मग आरशातल्यासारखी उलटी करून टाका. प्रत्येक वेळी निकाल बदलतात. branddb.wipo.int वर पण चित्र अपलोड करून अनेक देशांच्या रजिस्टरमध्ये शोधता येतं, तेही फुकट.

आणि हे सगळं झालं तरी अर्धंच झालं, कारण रजिस्टर न केलेला ब्रँडसुद्धा तुम्हाला अडवू शकतो. आधीपासून वापर असेल आणि लोकांच्यात नाव झालं असेल तर पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल त्यांचा म्हणून खपवल्याचा दावा होतो, आणि आधीचा वापर ही रजिस्टर्डच्या विरोधातही वजनदार गोष्ट आहे. पुण्यातली बर्गर किंगची केस सगळ्यांना माहितीये, अमेरिकन कंपनीने 2011 मध्ये दावा लावला, कॅम्पातलं आपलं दुकान म्हणालं आम्ही 1992 च्या आसपासपासून आहोत, आणि 2024 मध्ये पुण्याच्या कोर्टाने कंपनीचा दावा फेटाळला. मग प्रकरण वरच्या कोर्टात गेलं ते वेगळं. तेरा वर्षं कोर्टात घालवायची ताकद आपल्यासारख्यांकडे नसते, म्हणून सांगतोय.

तर असे रजिस्टरमध्ये नसलेले ब्रँड शोधायला चपला घाला. मार्केटयार्डच्या भुसार विभागात एक चक्कर मारा, तुमच्या जवळच्या तीन-चार किराणा दुकानांचं मसाल्याचं कपाट बघा, भीमथडीसारख्या जत्रेत गेलात तर बचत गटांचे स्टॉल बघा, फोटो काढा. इंस्टाग्राम आणि इंडियामार्टवर "काळा मसाला", "घाटी मसाला" टाकून नुसती पाकिटं बघत जा. रविवार पेठेत बोहरी आळीत पाऊच घ्यायला जाता तिथल्या माणसाला लोगो दाखवला तरी तो सांगतो, अहो असंच एक पाकीट मागच्या महिन्यात छापून गेलं. हा शोध सगळ्यात कमी लोक करतात आणि मला सगळ्यात जास्त वेळा यातच सापडलंय.

आता तुमच्या दोन फोटोंबद्दल माझं मत. मसाल्यावर नऊवारीतली बाई ही कुणा एकाची मालमत्ता नाही, इतके जण वापरतात की निव्वळ बाईवर कुणी हक्क सांगितला तर फार टिकणार नाही. पण तुमच्यात आणि त्यांच्यात जुळतंय ते बाई एवढंच नाही. बाई मध्यभागी, कमरेपर्यंतच दिसते, एक हात वर करून डोक्यावरचं धरलंय, मागे किरणं पंख्यासारखी, खाली वळलेली पट्टी, सगळं गोलात. ही मांडणी जुळतेय, त्यात माल एकच, गिऱ्हाईक तेच, किंमतही जवळपास तीच. त्यांची घागर आणि तुमची पाटी हा पार्लेच्या बादली आणि भाऱ्याइतकाच फरक आहे. मी असतो तर हा लोगो छापला नसता.

बदलायचं तर सांगाडा बदला, साडीचा काठ नाही. गोल काढून टाका, किरणं काढून टाका. बाई ठेवायचीच असेल तर डोक्यावर पाटी घेऊन उभी असलेली नको, तुम्ही दोघी खरंच जे करता ते दाखवा, म्हणजे समोरासमोर बसून खलबत्ता किंवा कढईत मसाला परतणं. दोन जावा हीच तुमची ओळख आहे, ती कुठल्याही मशीनला सांगितल्याशिवाय सुचणार नव्हती. आणि हे एआयला परत सांगून काढत बसू नका, कल्पना कागदावर ओढा आणि कुणाकडून तरी व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या फाइलमध्ये, काढून घ्या. तसंही ते करावंच लागणार आहे, एआयची 1024 पिक्सेलची फाइल 300 डीपीआयने साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटरच्या वर नीट छापली जात नाही, आणि सिलेंडरला रंग वेगळे करायला स्वच्छ कडा लागतात.

नवीन लोगो झाला की वरचा शोध परत करा, सापडलेल्या जवळच्या पाच-सहा मार्कांचे प्रिंटआउट घेऊन ट्रेडमार्क वकिलाकडे जा आणि लेखी मत मागा, तोंडी नको. मग अर्ज. व्यक्तीच्या किंवा छोट्या उद्योगाच्या नावाने ऑनलाइन टाकला तर सरकारी फी एका क्लासला 4,500 रुपये, वकिलाची वेगळी. नाव आणि चित्र वेगवेगळे दोन अर्ज जमले तर उत्तम, पुढे लोगो बदलला तरी नाव शाबूत राहतं. अर्ज टाकला की टीएम लिहिता येतं. रजिस्टर व्हायला मात्र वेळ लागतो, सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणीही विरोध करू शकतो, तोपर्यंत छपाई थांबवा असं मी म्हणत नाही, धंदा बंद पडेल. पण पहिला लॉट 10,000 चा सिलेंडरवर करू नका. साधे कोरे पाऊच घ्या आणि डिजिटल छापलेलं लेबल लावा, पाचशे-पाचशेचं. एका लेबलमागे थोडे जास्त पैसे जातात, पण नोटीस आली तर पाचशे लेबलं फेकायची, पाऊच तसेच राहतात. जर्नलमधले ते चार महिने शांततेत गेले की मग सिलेंडर.

आणि पाऊचवाल्याने आगाऊ घेतलेत म्हणून सोमवारीच करा असं म्हटलं तर त्याला सांगा, पैसे राहू द्या तुमच्याकडे, फक्त फाइल बदलून देतो. बहुतेक जण ऐकतात, पोटकलम सात त्यालाही नकोच असतं.